पंधरा आलं कुठून?

रात्री पावणेदहाला भाचीच्या मुलाचा फोटो आला. खाली एवढंच लिहिलेलं: "मावशीआजी, पुस्तकात 9 आहे. माझं 15 येतंय. कुठे चुकलं?" तो आठवीत आहे. फोटोत चादरीवर ठेवलेली वही, कोपऱ्यात त्याचा अंगठा, आणि त्याच्याच हाताची सावली नेमकी मधल्या दोन ओळींवर. पान पातळ, त्यामुळे मागच्या बाजूची निळी शाई पुसटशी उमटलेली.

मी शाळेत गणित शिकवत होते तेव्हा वह्यांचे गठ्ठे घरी यायचे. आता निवृत्त झाल्यावर फोटो येतात. नात्यातली, शेजारची, सोसायटीतली मुलं फोटो टाकतात आणि आईवडील मागून विचारतात, "सोडवून पाठवाल का जरा?" सोडवून पाठवणं अगदी सोपं असतं, पण मुलाने ते विचारलेलंच नसतं. त्याने विचारलेलं असतं, कुठे चुकलं. स्वच्छ अक्षरात सोडवलेलं गणित पाठवलं, की तो ते उतरवून घेतो आणि पुढच्या गणितात तिथेच चुकतो. म्हणून मी आधी त्याच्याच पानावर पहिली चुकलेली ओळ शोधते. पहिलीच, कारण तिच्या खालचं सगळं बहुतेक वेळा बरोबर असतं, फक्त चुकीच्या ओळीवरून निघालेलं असतं.

त्याच्या वहीत हे होतं. वहीत अर्थातच अंशाखाली आडवी रेघ आणि तिच्याखाली छेद. इथे सोयीसाठी तिरकी रेघ दिली आहे.

ओळ 1: (2x − 3)/3 − (x − 5)/4 = 4
ओळ 2: 4(2x − 3) − 3(x − 5) = 48
ओळ 3: 8x − 12 − 3x − 15 = 48
ओळ 4: 5x − 27 = 48
ओळ 5: 5x = 75
ओळ 6: x = 15

उत्तर कसं छान पूर्णांकात आलंय पाहा. 53/5 असं काही आलं असतं तर मुलाला स्वतःलाच शंका आली असती. 75 ला 5 ने पूर्ण भाग गेला, म्हणजे गणित बरोबर, असं मुलांना मनापासून वाटतं.

चूक शोधण्याआधी फोटो नीट वाचावा लागतो. ते वाटतं तितकं सोपं नाही. आडव्या रेघांच्या वहीत वजाचं चिन्ह, अपूर्णांकाची रेघ आणि छापलेली रेघ एकमेकांवर बसतात. मागच्या पानाची शाई उमटली की एखादा पुसट फराटा वजासारखा दिसतो. अधिक काढून त्यातली उभी रेघ खोडलेली असते, पण फोटोत ती परत दिसायला लागते. देवनागरी अंक गिरवून आलेल्या मुलाचा १ इंग्रजी 9 सारखा दिसतो, आणि x घाईत काढला की गुणाकाराचं चिन्ह होतो. सावलीतल्या ओळींबद्दल मी हुज्जत घालत नाही. "खिडकीशी वही धर, फोन वहीच्या बरोबर वर धर, आणि पुन्हा काढ," असं सांगते. व्हॉट्सअॅपवरून फोटो म्हणून पाठवला तर तो बारीक होऊन येतो. तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा येतो, आणि मोठा करून पाहिला तरी फुटत नाही.

पण यापेक्षा मोठा धोका वाचणाऱ्याच्या डोळ्यात असतो. ज्याला गणित येतं त्याचा डोळा तिथे असायला हवं ते वाचतो. तिसऱ्या ओळीत माझ्या डोळ्यांना −3x नंतर +15 च दिसण्याची दाट शक्यता, कारण तिथे +15 च असायला हवं. सावलीमुळे त्या 15 आधीचं चिन्ह पहिल्या फोटोत धड दिसतही नव्हतं. अशा वेळी खालची ओळ साक्षीला बोलवायची. चौथ्या ओळीत −27 आहे. −12 आणि 15 यांच्यापासून −27 यायचं तर 15 च्या आधी वजाच हवा, अधिक असता तर 3 आलं असतं. म्हणजे सावलीत काय लपलंय ते दिसो न दिसो, लिहिणाऱ्याने ते वजाच मानलं, हे नक्की.

वजाच्या खुणेचं हे दुखणं जुनंच आहे. इ. स. 1150 च्या सुमारास भास्कराचार्यांनी बीजगणित लिहिलं, तेव्हा ऋण संख्या दाखवायला त्या संख्येच्या डोक्यावर टिंब द्यायची रीत होती. हस्तलिखितं उतरवून घेताना किती टिंबं गळली असतील, असा विचार मनात येतोच. एक मात्र आहे, टिंब त्या संख्येलाच चिकटलेलं असे. आपली आडवी रेघ दोन पदांच्या मधे उभी असते आणि ती नेमकी कोणाची, हे मुलाला प्रत्येक वेळी ठरवावं लागतं. ही गोष्ट पुढे कामाला येणार आहे.

आणखी एक बारीक गोष्ट. पहिली ओळ पुस्तकाशी ताडून पाहायची. पुस्तकात x − 5 आणि वहीत x + 5 असेल, तर चुकलेली पहिली पायरी म्हणजे गणित उतरवून घेणंच. तसं असेल तर खालच्या ओळी तपासत बसण्यात अर्थ नाही. या वेळी उतरवणं बरोबर होतं.

आता शोध. सरावलेल्या माणसाची नजर सरळ तिसऱ्या ओळीवर जाते. पण सराव नसलेल्या आईला किंवा आजोबांनाही ही चूक पकडता येते, आणि त्यासाठी फक्त बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार येत असले तरी पुरतं. समीकरण म्हणजे x बद्दलचं एक विधान. खरी उकल पहिल्या ओळीत चालते, आणि पायऱ्या बरोबर असतील तर तीच संख्या प्रत्येक ओळीत चालली पाहिजे. तेव्हा पुस्तकातलं उत्तर, म्हणजे 9, घ्यायचं आणि वरून खाली प्रत्येक ओळीत x च्या जागी ठेवत जायचं. पुस्तकात उत्तर नसेल तर वेगळ्या कागदावर, मुलाचं पान न पाहता, स्वतः सोडवायचं आणि पहिल्या ओळीत पडताळा घेऊन खात्री करायची.

पहिल्या ओळीत 2 × 9 − 3 म्हणजे 15, त्याचा तिसरा भाग 5. 9 − 5 म्हणजे 4, त्याचा चौथा भाग 1. 5 मधून 1 गेला, 4 राहिले. चाललं. दुसऱ्या ओळीत 4 × 15 म्हणजे 60, त्यातून 3 × 4 म्हणजे 12 वजा, उरले 48. हेही चाललं. तिसऱ्या ओळीत 72 − 12 − 27 − 15. हे होतात 18. उजवीकडे मात्र 48 आहेत. इथे दिवा विझला. दुसऱ्या ओळीपर्यंत सगळं ठीक होतं, म्हणजे घोटाळा दुसरीतून तिसरीत जाताना झाला.

आता गंमत अशी, की मुलाचं चुकलेलं उत्तरसुद्धा तपासाला तितकंच उपयोगी पडतं. 15 ही संख्या खालून वर ठेवत जा. पाचव्या ओळीत 5 × 15 म्हणजे 75, चाललं. चौथीत 75 − 27 म्हणजे 48, चाललं. तिसरीत 120 − 12 − 45 − 15, तेही 48. आता दुसरी ओळ: 4 × 27 म्हणजे 108, त्यातून 3 × 10 म्हणजे 30 वजा, उरले 78. हवे होते 48. इथे हा दिवाही विझला. वरून आलेला दिवा आणि खालून आलेला दिवा एकाच उंबरठ्यावर विझले. याचा अर्थ चूक एकच आहे आणि ती याच ठिकाणी आहे. शिवाय खालचा दिवा आणखी एक गोष्ट सांगतो: तिसऱ्या ओळीपासून पुढे मुलाने सगळं चोख केलंय. मी त्या ओळींपुढे बरोबरच्या खुणा करते. लाल वर्तुळ एकाच जागी.

आता त्या ओळीत कोणतं पद चुकलं? तिसरी ओळ 18 देते, हवे 48. फरक 30. माझे वडील पेढीवर हिशेब लिहायचे. तेरीज जुळेना की ते आधी फरकाचे निम्मे करायचे आणि तेवढीच रक्कम वहीत शोधायचे, कारण जमेची रक्कम नावे पडली की फरक दुप्पट येतो. इथेही तसंच. 30 चे निम्मे 15, आणि त्या ओळीत एक 15 बसलेलाच आहे, वजाच्या बाजूला. तो अधिकच्या बाजूला हवा होता. चिन्ह उलटं पडलं की फरक त्या पदाच्या दुप्पट येतो, ही खूण बीजगणितात फार वेळा उपयोगी पडते.

"−15 नाही, +15 हवं" एवढं सांगून फोन ठेवता आला असता. पण त्याने फक्त हे गणित सुटलं असतं. मी त्याला फोन लावला आणि म्हटलं, "दुसरी ओळ मला मोठ्याने वाचून दाखव, आणि तिसरी लिहिताना काय केलंस ते सांग."

तो म्हणाला, "चार दुणे आठ, आठ एक्स. चार त्रिक बारा, वजा बारा. मग वजा तीन एक्स. मग तीन पाचे पंधरा, आणि कंसात वजा आहे ना, म्हणून वजा पंधरा."

चूक इथे उघडी पडली. पहिला कंस त्याने नीट सोडवला, कारण त्याच्यासमोर अधिक 4 होते आणि आतलं चिन्ह जसंच्या तसं ठेवूनही भागलं. दुसऱ्या कंसासमोरचा वजा त्याने x पुरताच वापरला. 5 पर्यंत पोचेपर्यंत तो वजा खर्ची पडला होता, आणि मग त्याने डोळ्यासमोर दिसणारा आतला वजा उतरवला. रेघ नेमकी कोणाची, हा भास्कराचार्यांच्या टिंबाला न पडणारा प्रश्न आपल्या रेघेला पडतो, तो हा.

"वजा गुणिले वजा अधिक" हा नियम त्याला पाठ होता. तो पाठ नसल्यामुळे चूक झालीच नव्हती, म्हणून मी तो पुन्हा सांगितला नाही. दुकान काढलं. "तू शंभराची नोट दिलीस. वहीची किंमत वीस रुपये, पण दुकानदार पाच रुपये सूट देतो. परत किती मिळतील?"

"पंच्याऐंशी."

"आता हे लिही. शंभरातून काय वजा केलंस?"

त्याने लिहिलं, 100 − (20 − 5). मग म्हटलं, कंस सोडव, तुझ्या पद्धतीने. 100 − 20 − 5 म्हणजे 75. तो हसला. "मग सूट कुठे गेली? उलट पाच जास्तच घेतले."

"बरोबर. आधी त्याने अख्खे वीस घेतले, म्हणजे पाच जास्त घेतले. ते पाच त्याने तुला परत दिले पाहिजेत. परत देणं म्हणजे अधिक." मग आमच्या गणिताकडे आलो. 3(x − 5) वजा करायचे आहेत. 3x वजा केले तर पंधराने जास्त वजा झाले. पंधरा परत द्या. तिसरी ओळ त्याने स्वतः लिहिली: 8x − 12 − 3x + 15 = 48. मग 5x + 3 = 48, 5x = 45, x = 9.

सूट हा शब्द मला उपयोगी वाटतो, कारण कंसातला वजा म्हणजे सूट, हे मुलांना लगेच कळतं. कंसात अधिक असेल तर तो वरखर्च. शंभरातून (20 + 5) वजा केले तर पाच परत मिळायचा प्रश्नच नाही, दोन्ही जातात. एकाच गोष्टीत दोन्ही बाजू बसल्या.

ही घाईतली चूक होती की समजुतीतली, हे एका गणितावरून ठरवू नये. मी त्याला एक छोटी राशी लिहून दिली, 10 − 2(y − 3), आणि म्हटलं कंस सोडव. 10 − 2y − 6 आलं असतं, तर दुकान समजलं पण हात अजून जुन्याच वळणाने जातोय असं समजले असते. आलं 10 − 2y + 6. त्याला पडताळाही घ्यायला लावला. इथे समीकरण नाही, बरोबरचं चिन्हच नाही, म्हणून उकल असा प्रकार नाही. y ला कोणतीही किंमत द्यावी, दोन्ही रूपं सारखीच आली पाहिजेत. y = 4 घेतलं तर कंसासकट 10 − 2 म्हणजे 8, आणि कंस सोडवल्यावर 10 − 8 + 6 म्हणजे 8. राशीच्या पडताळ्याला मुलं हटकून 0 किंवा 1 घेतात, सोपं पडतं म्हणून. ते टाळावं. 1 घेतला तर x² आणि x सारखेच दिसतात, 2 घेतला तर x² आणि 2x सारखे दिसतात, आणि 0 घेतला तर x चं सगळं पदच नाहीसं होतं. 3, 4 किंवा 7 घ्यावेत.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा फोटो. या वेळी पान खिडकीशी धरलेलं, अंगठा नाही, आणि एका ओळीभोवती त्याने स्वतःच पेन्सिलने वर्तुळ काढलेलं. "चूक मीच शोधली, खालून. दुरुस्तही केली. पण आता 0 आलं. पुस्तकात 5 आहे."

ओळ 1: (3x + 1)/2 − (x − 2)/3 = 7
ओळ 2: 3(3x + 1) − 2(x − 2) = 7
ओळ 3: 9x + 3 − 2x + 4 = 7
ओळ 4: 7x + 7 = 7
ओळ 5: 7x = 14
ओळ 6: x = 2

वर्तुळ पाचव्या ओळीभोवती होतं. त्याने आपलं उत्तर, 2, खालून वर ठेवत नेलं होतं. 7x = 14 मध्ये चाललं. 7x + 7 = 7 मध्ये 21 आले, चाललं नाही. 7 पलीकडे नेताना चिन्ह बदलायचं राहिलं, हे त्याला दिसलं. त्याने पाचवी ओळ 7x = 0 अशी केली आणि x = 0 आलं. त्याचा तपास बरोबर होता, फक्त अर्धा होता. खालून गेलेला दिवा शेवटची चूक दाखवतो. पहिली चूक पाहायची तर खऱ्या उत्तराचा दिवा घेऊन वरून खाली यावं लागतं.

5 घेऊन वरून आलो. पहिली ओळ: 16 चे निम्मे 8, 3 चा तिसरा भाग 1, 8 − 1 म्हणजे 7. चाललं. दुसरी ओळ: 3 × 16 म्हणजे 48, त्यातून 2 × 3 म्हणजे 6 वजा, उरले 42. उजवीकडे 7. दिवा दुसऱ्याच ओळीत विझला. वरचा दिवा एका ओळीत विझला आणि खालचा दुसऱ्याच ओळीत, की समजावं, चुका किमान दोन आहेत. कालचा कंस मात्र त्याने तिसऱ्या ओळीत अगदी बरोबर सोडवला होता, +4, आणि ते मी त्याला आधी सांगितलं.

दुसऱ्या ओळीत काय घडलं? डावी बाजू 42, उजवी 7. बरोबर सहापट. 2 आणि 3 चा लसावि 6. डावीकडच्या दोन्ही पदांना त्याने 6 ने गुणून छेद घालवले, आणि उजवीकडच्या 7 ला छेदच नव्हता म्हणून त्याला हात लावला नाही. हीच खूण त्याच्या 0 मध्येही लपलेली आहे. पहिल्या ओळीत x = 0 ठेवा: 1/2 + 2/3 म्हणजे 7/6. हवे होते 7, आले त्याच्या सहाव्या भागाइतके. चुकीचं उत्तर कुठे चुकलंय हे तर सांगतंच, कधी कधी कसं चुकलंय हेही सांगतं.

दुरुस्ती सांगायला मी तराजू काढला. डाव्या पारड्यातला माल सहापट केला आणि उजवं पारडं तसंच ठेवलं, तर काटा मधे राहील का? "छेद नसलेल्या संख्येखाली 1 लिही," असंही सांगितलं. 7/1 असं दिसलं की लसाविच्या गुणाकारात तिला विसरायला होत नाही. पुढची चार गणितं त्याने तसंच 1 लिहून केली. पाचव्यात 1 लिहिला नाही, पण गुणाकार केला.

हे दोन दिवे कुठे फसवतात, तेही सांगायला हवं. मुलाला पाठीमागचं उत्तर माहीत असतं. कालच्या गणितात तिसऱ्या ओळीत −15 लिहून चौथीत अचानक 5x + 3 = 48 लिहिलेलं असेल, तर शेवटचं उत्तर 9 च येतं आणि आपण पान पुढे सरकवतो. 9 घेऊन वरून आलात तर तिसरी ओळ बोलते, चौथी पुन्हा गप्प. म्हणून मधलीच एखादी ओळ तपासून "इथवर ठीक" असं म्हणू नये, ओळ न् ओळ पाहावी. अशा ठिकाणी मी रागावत नाही, फक्त विचारते, "हा 3 कुठून आला?" बहुतेकदा उत्तर येतं, "पुस्तकाशी जुळवला."

दुसरी फसवणूक अधिक सूक्ष्म. खऱ्या उकलीने एखादा कंस शून्य होत असेल, तर त्या कंसासमोरचा गुणक चुकला तरी कळत नाही. (x − 5) समोर 3 च्या जागी 4 पडला आणि उकलही 5 च असेल, तर तीन शून्य आणि चार शून्य दोन्ही शून्यच. अशा वेळी कंस सोडवण्याच्या पायरीला दुसरी एखादी संख्या ठेवून पाहावी, कारण कंस सोडवताना डावी बाजू कोणत्याही x साठी बदलायला नको. गुणक मात्र छेद घालवतानाच चुकला असेल, तर तो लसाविवरून हातानेच पुन्हा काढून पाहावा लागतो.

तिसरी त्याच्या बहिणीकडून आली. ती दहावीत आहे, आणि भावाच्या फोटोंना उत्तरं मिळतात म्हटल्यावर तिनेही एक टाकला. वर्गसमीकरण, आणि फक्त दोन ओळी: x² = 5x, खाली x = 5. दोन्ही बाजूंच्या एकेका x वर पेनाने झोकदार काट मारलेली. पुस्तकातलं उत्तर 0 आणि 5. "मावशीआजी, माझं एकच येतं. चूक मात्र दिसत नाही."

5 ठेवून पाहिलं तर दोन्ही ओळी चालतात, वरून या की खालून जा. दिवा कुठेच विझत नाही. वर्गसमीकरणाला दोन उकली असू शकतात, म्हणून दोन्ही घेऊन खाली उतरावं लागतं. 0 घेतला तर पहिल्या ओळीत 0 = 0, चाललं. दुसऱ्या ओळीत 0 = 5. विझला. चूक त्या काटेतच होती. x कापणं म्हणजे दोन्ही बाजूंना x ने भागणं, आणि x स्वतः शून्य असेल तर भागताच येत नाही. तिने भागाकार करताना नकळत ठरवून टाकलं होतं की x शून्य नाही, आणि जी उकल शून्य होती ती त्याच क्षणी हातातून गेली. 5 मात्र खरी होती, म्हणून टिकली. मी तिला काही न कापता सगळं एका बाजूला आणायला सांगितलं: x² − 5x = 0, मग x(x − 5) = 0. दोन संख्यांचा गुणाकार शून्य, तर त्यातली एक तरी शून्य.

थोड्या वेळाने तिचा नवा फोटो आला. खाली नवीन ओळी नीट लिहिलेल्या, x = 0 किंवा x = 5. वरची काट तिने खोडली नव्हती. तिच्या शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं: x ≠ 0 असेल तरच.